प्री-डायबेटिस आहे, जेवणाची वेळ आणि चालायला १५ मिनिटं हवीत. कंपनीला पत्र कसं लिहायचं?

हिंजवडीतल्या एका कस्टमर केअर सेंटरमध्ये काम करणाऱ्या ४१ वर्षांच्या माणसाचं उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण त्याचा दिवस तिथल्या अनेकांना ओळखीचा वाटेल.

सकाळी पावणेआठला पोहे आणि चहा. साडेआठची कंपनीची बस. दहाला लॉगिन, सातला लॉगआउट. मधल्या नऊ तासांत एक तासाचा ब्रेक, त्यात जेवणाला अर्धा तास आणि चहाचे १५-१५ मिनिटांचे दोन ब्रेक. जेवणाचा स्लॉट दर आठवड्याला फिरतो. एका आठवड्यात सव्वाबारा, पुढच्या आठवड्यात एक, मग पावणेदोन आणि शेवटी पावणेतीन.

कंपनीनेच केलेल्या वार्षिक तपासणीत त्याची उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीएवनसी ६.१ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, "हे प्री-डायबेटिस आहे. गोळी सध्या नको. सहा किलो वजन कमी करा, जेवण वेळेवर घ्या आणि जेवल्यावर १५ मिनिटं चाला."

संध्याकाळी त्याने टीम लीडरला लिहायला घेतलेला मजकूर असा होता: "सर, मला डायबेटिसची सुरुवात झाली आहे. वेळेवर जेवलो नाही तर चक्कर येऊन पडण्याची शक्यता आहे. डॉक्टरांनी चालायलाही सांगितले आहे. तरी माझ्या तब्येतीचा विचार करून कृपया सहकार्य करावे."

हे पत्र पाठवलं असतं, तर टीम लीडरने बहुधा "काळजी घे, बघू या" असं उत्तर दिलं असतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पावणेतीनचाच स्लॉट आला असता. त्यात टीम लीडरचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. पत्रात मागणीच नव्हती. 'सहकार्य' म्हणजे किती वाजता, किती मिनिटं, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात लिहिलेलं नव्हतं. शिवाय त्यातलं चक्कर येण्याचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं होतं. ते का, हे आधी पाहू.

प्री-डायबेटिसमध्ये उशिरा जेवल्याने चक्कर येते का?

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर डॉक्टर साधारणपणे प्री-डायबेटिस म्हणतात. शरीर इन्सुलिन तयार करत असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. त्यामुळे जेवणानंतर वर गेलेली साखर खाली यायला वेळ लागतो.

म्हणजे इथे अडचण साखर वर राहण्याची आहे, ती एकदम खाली कोसळण्याची नाही. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची भीती मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा ग्लिमेपिराइडसारख्या, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना असते. त्यांच्यासाठी जेवण चुकणं हा खरोखर तातडीचा विषय असतो आणि त्यांनी पत्रात तसं स्पष्ट लिहायलाच हवं. कुठलंही औषध न घेणाऱ्या प्री-डायबेटिसच्या माणसाला उशिरा जेवल्याने भूक लागेल, चिडचिड होईल, पण साखर उतरून तो कोसळण्याची शक्यता फार कमी असते.

पत्रात हे वाढवून लिहिण्याचा तोटाही होतो. एचआरने डॉक्टरांचं पत्र मागितलं, तर डॉक्टर चक्कर येण्याची गोष्ट लिहून देणार नाहीत. आणि कंपनीने ती खरी मानली, तर 'हा माणूस शिफ्टमध्ये काम करायला तंदुरुस्त आहे का', हा नको असलेला प्रश्न उभा राहतो.

खरं कारण कमी नाट्यमय आहे, पण ते पुरेसं आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात १३.६ कोटी लोक प्री-डायबेटिसच्या टप्प्यावर आहेत. इथून मधुमेहाकडे जाणं अटळ नसतं. ५३१ भारतीयांना घेऊन झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सगळ्यांची साखर याच मधल्या टप्प्यात होती. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला गेला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहारावर आणि रोजच्या चालण्यावर सातत्याने लक्ष ठेवलं गेलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ४१ वर्षांच्या माणसाच्या पत्रात खऱ्या अर्थाने पणाला लागलेलं असतं ते हे.

चालण्याचा पुरावा भक्कम, वेळेचा थोडा कच्चा

जेवल्यावर साधारण तासा-दीड तासात रक्तातली साखर सर्वात वर जाते. त्याच सुमारास पायांचे स्नायू काम करत असतील, तर ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात. स्नायू आकुंचन पावत असताना साखर आत घ्यायला त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून जिथे इन्सुलिनचा जोर कमी पडतो, तिथेही हा मार्ग उघडा असतो.

प्री-डायबेटिसचा धोका असलेल्या ज्येष्ठांवर अमेरिकेत झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात सकाळी सलग ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं यांची तुलना केली होती. दिवसभराची साखर दोन्ही पद्धतींनी सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. म्हणजे "सकाळी बागेत जाऊन येतो की" हे चांगलंच आहे, पण दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसून काढलेल्या दोन तासांची भरपाई त्याने पूर्ण होईलच असं नाही.

जेवणाच्या वेळेबद्दल मात्र थोडं जपून बोलावं लागतं. स्पेनमध्ये तरुण, निरोगी महिलांवर झालेल्या एका प्रयोगात एक वाजताच्या जेवणापेक्षा साडेचारच्या जेवणानंतर साखर जास्त वर राहिली. पण त्या महिलांची संख्या ३२ होती आणि त्यांना प्री-डायबेटिस नव्हता. त्यामुळे "पावणेतीनला जेवलं की मधुमेह होतो" असं कुणी म्हणू नये.

या माणसाच्या बाबतीत उशिराच्या स्लॉटचं नुकसान जास्त साध्या मार्गाने होतं. पावणेआठच्या पोह्यांनंतर पावणेतीनपर्यंत सात तास जातात. ते कोरडे जात नाहीत. साडेअकराला चहा आणि चार बिस्किटं, दीडच्या सुमारास शेजारच्याने आणलेल्या वडापावातला अर्धा. मग पावणेतीनला भूक अशी खवळलेली असते की डब्यातल्या तीन पोळ्यांवर कँटीनचा भातही जातो. सव्वातीनला पुन्हा हेडसेट. साखर वर चढण्याचा सगळा काळ खुर्चीत जातो. घरी पोचल्यावर भूक नसते म्हणून रात्रीचं जेवण साडेदहाला, आणि त्यानंतर थेट झोप.

कायदा कुठपर्यंत साथ देतो?

इथे अनेकांचा अंदाज चुकतो. महाराष्ट्रात खाजगी कार्यालयांना लागू असलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेऊ नये, असं म्हटलं होतं. ही पाच तासांची मर्यादा सहा तासांवर नेण्याच्या बदलाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली.

आता घड्याळ पाहा. शिफ्ट दहाला सुरू, जेवण पावणेतीनला. म्हणजे पावणेपाच तास. जुन्या, जास्त कडक मर्यादेनुसारही कंपनीने नियम मोडलेला नाही. कायदा लॉगिनपासून तास मोजतो. माणसाचं पोट मात्र सकाळच्या पोह्यांपासून मोजत असतं.

दुसरी आशा असते ती अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याची. त्यात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देण्याची संकल्पना आहे, पण त्यातल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत मधुमेह नाही, मग प्री-डायबेटिस असण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे या पत्राच्या मागे "द्यावंच लागेल" असं म्हणणारं कलम उभं नाही. ती विनंती आहे, आणि ती मान्य करणं समोरच्याला जितकं सोपं जाईल तितकी तिची ताकद.

खरा अडथळा रोस्टर

टीम लीडर भला असेल तर तोंडी म्हणेल, "जा रे, दहा मिनिटं चालून ये." हा होकार दिलासा देणारा वाटतो, पण कस्टमर केअरमध्ये तो टिकत नाही. तिथे प्रत्येकाचा दिवस सिस्टिममध्ये मिनिटांनुसार मांडलेला असतो आणि ठरलेल्या वेळी माणूस ठरलेल्या स्थितीत होता की नाही, याची टक्केवारी निघते. रोस्टरमध्ये नसलेली दहा मिनिटं म्हणजे रोजची दहा मिनिटांची गैरहजेरी. महिनाअखेरीस ती गुणांमध्ये दिसते आणि तोपर्यंत टीम लीडर बदललेलाही असू शकतो. म्हणून मागणी रोस्टरमधल्या नोंदीची हवी.

नोंद करणारी माणसं वेगळी असतात. ती दर अर्ध्या तासाला किती कॉल येतील याचा अंदाज बांधून तेवढी डोकी फ्लोअरवर ठेवतात. त्यांच्या दृष्टीने "वेळेवर जेवण" या शब्दांना अर्थ नाही. त्यांना लागतं ते 'कुठल्या अर्ध्या तासातून एक माणूस कमी होतो आणि कुठल्या अर्ध्या तासात परत मिळतो', हे.

या माणसाने कागद-पेन घेऊन बसल्यावर त्याला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, त्याला रोज एकच वेळ नकोच आहे. सव्वाबारा, एक आणि पावणेदोन हे तिन्ही स्लॉट चालतात. फक्त पावणेतीनचा आठवडा नको. आणि सव्वाबाराचा स्लॉट तसाही कुणाला आवडत नाही, कारण "इतक्या लवकर कोण जेवतं?" त्यामुळे पावणेतीनच्या बदल्यात सव्वाबाराचा आठवडा जास्त वेळा घ्यायची त्याची तयारी आहे. एकचा लाडका स्लॉट कायमचा मागितला असता, तर बाकीच्या टीमने नाक मुरडलं असतं, आणि ते चुकीचंही नसतं.

दुसरी गोष्ट चालण्याची. वेगळा ब्रेक मागण्याऐवजी सकाळचा चहाचा ब्रेक जेवणाला जोडला, तर ४५ मिनिटांचा सलग वेळ मिळतो. एकूण ब्रेक तोच, एक तास. सलग वेळ मागण्यामागे आणखी एक कारण आहे. फ्लोअरवरून बाहेर पडायचं म्हणजे लॉकरमधून मोबाइल घेणं, सुरक्षा तपासणी, दुपारी लिफ्टपाशी लागलेली रांग. त्यात जाता-येता पाच मिनिटं सहज जातात. सुटा १५ मिनिटांचा ब्रेक घेतला तर प्रत्यक्ष चालणं दहाच मिनिटं होतं. जेवणाला जोडला तर हा खटाटोप एकदाच करावा लागतो. २५ मिनिटांत जेवण, १५ मिनिटं चालणं, पाच मिनिटं ये-जा.

याची किंमतही आहे. सकाळचा चहा गेला, म्हणजे एकच्या स्लॉटच्या आठवड्यात सलग तीन तास आणि पावणेदोनच्या आठवड्यात पावणेचार तास कॉल घ्यावे लागतात. हे ज्याला झेपणार नाही, त्याने ही विभागणी मागू नये.

नवं पत्र

आयटी आणि बीपीओ कंपन्यांत असा मेल बहुतेक वेळा इंग्रजीतच जातो. मजकूर मात्र साधारण असा:

*प्रति: टीम लीडर*
*प्रत: एचआर विभाग*
*विषय: जेवणाचा स्लॉट आणि ब्रेकच्या विभागणीत चार आठवड्यांसाठी बदलाची विनंती*

*सर,*

*वार्षिक आरोग्य तपासणीत मला प्री-डायबेटिस असल्याचे आढळले आहे. सध्या औषध सुरू नाही आणि माझ्या कामावर कोणतीही मर्यादा नाही. मधुमेह होऊ नये यासाठी डॉक्टरांनी दुपारचे जेवण नियमित वेळी घेण्याचा आणि जेवणानंतर लगेच १५ मिनिटे चालण्याचा सल्ला दिला आहे. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे.*

*त्यानुसार माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. माझा जेवणाचा स्लॉट १२.१५, १.०० किंवा १.४५ यांपैकी कोणताही असावा, २.४५ चा नसावा. त्या बदल्यात १२.१५ चा स्लॉट जास्त वेळा घेण्यास मी तयार आहे. तसेच सकाळचा १५ मिनिटांचा चहाचा ब्रेक जेवणाच्या ब्रेकला जोडून सलग ४५ मिनिटे द्यावीत. संध्याकाळचा ब्रेक आहे तसाच राहील. एकूण ब्रेक सध्याइतकाच, म्हणजे ६० मिनिटे राहील.*

*हा बदल रोस्टरमध्ये नोंदवला जावा, जेणेकरून उपस्थितीच्या टक्केवारीत फरक पडणार नाही. पुढील सोमवारपासून चार आठवडे हे करून पाहावे आणि त्यानंतर आपण एकत्र आढावा घ्यावा, असे सुचवतो. ज्या दिवशी कॉलचे प्रमाण खूप जास्त असेल, त्या दिवशी स्लॉट अर्ध्या तासाने पुढे-मागे झाला तरी चालेल.*

*सलग ४५ मिनिटे शक्य नसतील, तर जेवणाच्या ब्रेकनंतर एका तासाच्या आत चहाचा ब्रेक मिळावा, ही पर्यायी विनंती.*

*माझ्या आरोग्याची माहिती आपण आणि एचआर यांच्यापुरतीच मर्यादित ठेवावी.*

*आपला,*
*(नाव, कर्मचारी क्रमांक)*

पत्रात काय नाही, तेही महत्त्वाचं

यात ११२ आणि ६.१ हे आकडे नाहीत. पूर्ण रिपोर्ट जोडलेला नाही. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉलपासून बरंच काही असतं आणि त्यातलं काहीही या मागणीसाठी लागत नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र पुरतं: निदान काय आणि सल्ला काय. ते मागताना "जेवण वेळेवर घ्यावं" एवढंच न लिहिता "जेवणानंतर लगेच १५ मिनिटं चालणं" असंही लिहून घ्यावं, कारण एचआर मागणी आणि चिठ्ठी शेजारी ठेवून वाचतं.

"माझ्या कामावर कोणतीही मर्यादा नाही" हे वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. ते नसेल, तर वाचणारा स्वतःच्या अंदाजाने ती जागा भरतो. आणि पर्यायी विनंतीमुळे उत्तर 'हो' किंवा 'नाही' या दोनच शब्दांत अडकत नाही. जेवणानंतर तासाभरातला चहाचा ब्रेक हा दुय्यम पर्याय असला तरी साखर चढण्याच्या काळातच तो येतो, म्हणून तोही कामाचा आहे. तेवढंही जमलं नाही, तर दोन कॉलच्या मधे खुर्चीतून उठून दोन-दोन मिनिटं चालणं उरतं. बसण्यात असा वारंवार खंड पाडल्याने जेवणानंतरची साखर कमी राहते, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यासाठी पत्र लागत नाही, लांब वायरचा किंवा बिनवायरचा हेडसेट लागतो.

चार आठवड्यांनी काय मोजायचं?

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यामुळे चार आठवड्यांनी ती तपासून "बघा, कमी झाली" असं दाखवायला गेलं, तर हाती फार काही लागणार नाही. कंपनीला तो आकडा दाखवायची गरजही नाही. चार आठवड्यांचा आढावा कामाचा आहे: ४५ मिनिटांनी तो वेळेवर परत लॉगिन झाला का, कॉल थांबले का, टीममधल्या कुणाला उशिराचा स्लॉट जास्त वेळा घ्यावा लागला का. त्याने स्वतः रोज परत येण्याची वेळ लिहून ठेवली, तर आढाव्याच्या दिवशी बोलायला काहीतरी हातात असतं. सोमवारी सर्वात जास्त कॉल येत असतील, तर गाडी घसरते ती बहुधा सोमवारी.

साखरेचा हिशोब वेगळा, डॉक्टरांसोबतचा. घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी पाहिलं तर चालल्याचा आणि न चालल्याचा फरक दिसू शकतो, पण ही यंत्रं १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे दाखवू शकतात. एका दिवशी १५२ आणि दुसऱ्या दिवशी १४१ आलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही. सारख्याच डब्याचे पाच-सहा दिवस चालून आणि पाच-सहा दिवस न चालता पाहिले, तर थोडा अंदाज येतो. निर्णय मात्र तीन महिन्यांनंतरच्या लॅबच्या तपासणीवर.

पत्राला आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलवर एका ओळीची आठवण पाठवावी, नवा मेल सुरू करू नये. तोंडी होकार मिळाला, तर त्याच दिवशी "आज बोलल्याप्रमाणे सोमवारपासून बदल रोस्टरमध्ये येईल असे समजतो" एवढं लिहून ठेवावं. आणि प्रोसेस किंवा शिफ्ट बदलली, तर जुनं पत्र सोबत येत नाही. दुपारी दोन ते रात्री अकराच्या शिफ्टमध्ये दुपारचं जेवण घरी होतं आणि प्रश्न रात्रीच्या जेवणाचा होतो. तिथे चहाचा ब्रेक कशाला जोडायचा याचं गणित नव्याने मांडून दुसरं पत्र लिहावं लागतं.